जर्मनीतला पगार, दोन देशांचा कर आणि कराराचा प्रत्यक्षातला उपयोग

परदेशात दोन-तीन वर्षांचं काम मिळालं की पहिल्या महिन्याच्या पगाराच्या स्लिपवर तिथला कर कापलेला दिसतो आणि मनात एकच प्रश्न येतो: आता भारतात पुन्हा भरायचा का? मित्रमंडळींकडून दोन उत्तरं मिळतात. एक म्हणतो, "करार आहे ना, भारतात काही भरावं लागत नाही." दुसरा म्हणतो, "तू भारतीय नागरिक आहेस, भरावाच लागणार." दोन्ही चूक. दुहेरी कर टाळण्याचा करार असला म्हणून एका देशाचा कर आपोआप माफ होत नाही. कोणत्या देशाने मागे हटायचं आणि किती, एवढंच तो ठरवतो. पुढचं गणित आणि कागदपत्रं आपली आपल्यालाच करावी लागतात.

प्रत्येक देशाशी केलेला करार वेगळा असतो, म्हणून इथे एकच घेऊ: भारत आणि जर्मनी. हा करार 1995 मध्ये झाला आणि 1996 मध्ये अमलात आला. उदाहरण म्हणून पुण्याचा एक अभियंता धरू. 31 ऑक्टोबर 2025 च्या रात्री तो म्युनिकला निघाला. तिथल्या कंपनीत थेट दोन वर्षांची नोकरी, पगार महिना 5,000 युरो. बायको आणि शाळेत जाणारी मुलगी मार्चअखेरपर्यंत पुण्यात, स्वतःच्या फ्लॅटमध्ये.

पहिली पायरी: दिवस मोजा, मग करार उघडा

करार वाचण्याआधी भारताचा आयकर कायदा तुम्हाला त्या वर्षी रहिवासी मानतो की अनिवासी, हे बघायचं. नागरिकत्वाचा इथे फारसा संबंध नाही. सगळा खेळ दिवसांचा आहे. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 किंवा त्याहून जास्त दिवस भारतात होता, तर तो रहिवासी. त्याहून कमी, तर अनिवासी.

1 एप्रिलपासून मोजलं आणि निघण्याचा दिवसही भारतातच धरला, तर 28 सप्टेंबरला 181 दिवस होतात. म्हणजे 28 सप्टेंबरपर्यंत विमानात बसलेला माणूस त्या वर्षी अनिवासी ठरतो आणि जर्मनीत काम करून जर्मनीतच मिळालेल्या पगारावर भारत कर लावतच नाही. त्या पगारासाठी कराराची गरजही पडत नाही. फक्त पगार आधी जर्मनीतल्या बँक खात्यात जमा व्हायला हवा. कंपनीने तो थेट भारतातल्या खात्यात टाकला, तर तो भारतात मिळालेला पैसा होतो आणि अनिवासी माणसालाही त्यावर कर लागू शकतो. जर्मन खातं उघडायला वेळ लागतो म्हणून पहिले दोन पगार पुण्याच्या खात्यात मागवणारे लोक असतात. ते करू नये.

आपला अभियंता मात्र ऑक्टोबरच्या अखेरीला निघाला. त्याचे 214 दिवस भरले. 2025-26 या वर्षासाठी तो भारताचा रहिवासी ठरला आणि रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं. नोव्हेंबर ते मार्चचा म्युनिकचा पगारही त्यात आला. निघण्याची तारीख तुमच्या हातात असेल, तर कंपनीला होकार कळवण्याआधी कॅलेंडर बघा. करनियोजन म्हणतात ते बरंचसं इथेच होऊन जातं.

दुसरी पायरी: जर्मनी काय म्हणते

म्युनिकमध्ये भाड्याचं घर घेतलं, पत्त्याची नोंदणी केली, की जर्मनीच्या कायद्यानेही तुम्ही तिथले रहिवासी होता. मग कंपनी दर महिन्याला पगारातून आयकर कापते. त्याला तिथे लोनश्टॉयर म्हणतात. आपण तो महिना 850 युरो धरू.

त्याच स्लिपवर निवृत्तिवेतन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा अशा आणखी कपाती दिसतात आणि त्यांची बेरीज बहुधा करापेक्षाही मोठी असते. या कपाती म्हणजे आयकर नव्हे. भारतात सवलत मागताना त्या धरता येत नाहीत. पहिल्यांदा रिटर्न भरणारे हमखास एकूण पगार वजा हातात आलेला पगार, एवढा सगळा आकडा "परदेशात भरलेला कर" म्हणून टाकतात. मग नोटीस येते. स्लिपवरची आयकराची ओळ तेवढी घ्यायची.

तिसरी पायरी: तुम्ही नक्की कुणाचे?

आता दोन्ही देश म्हणताहेत, हा आमचा रहिवासी. हा वाद कराराचं चौथं कलम सोडवतं. क्रम ठरलेला आहे. कायमचं घर कुठे आहे? दोन्हीकडे असेल, तर कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट आहेत? तेही ठरत नसेल, तर नेहमीचं राहणं कुठे? त्यानंतर नागरिकत्व, आणि शेवटी दोन्ही सरकारांनी आपापसात ठरवायचं.

आपल्या अभियंत्याची घरं दोन. बायको, मुलगी, मुलीची शाळा, फ्लॅट, गुंतवणूक हे सगळं मात्र पुण्यात. त्यामुळे त्या पाच महिन्यांसाठी करारानुसारही तो भारताचाच रहिवासी राहतो. कुटुंब त्याच्याबरोबरच गेलं असतं आणि फ्लॅट लांबच्या मुदतीने भाड्याने दिला असता, तर पारडं जर्मनीकडे झुकलं असतं. तसं झालं असतं तर पंधराव्या कलमानुसार जर्मनीतल्या कामाच्या पगारावर कर लावण्याचा हक्क एकट्या जर्मनीला राहिला असता. हा दुसरा रस्ता पैशाच्या दृष्टीने फार फायद्याचा आहे, म्हणूनच आयकर खातं त्याचा पुरावाही कसून मागतं. वर्षाच्या मध्यावर तुमचं करारातलं निवासस्थान बदललं, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. जर्मन करकार्यालयाचं रहिवासी प्रमाणपत्र, भाडेकरार, मुलांचा शाळाप्रवेश असे कागद हातात नसतील, तर या रस्त्याला जाऊ नका. असतील, तर आधी सीएला दाखवा.

पंधराव्या कलमात 183 दिवसांची एक सवलत आहे आणि तिच्याबद्दलचे गैरसमज फार. कॅलेंडर वर्ष 2025 मध्ये आपला माणूस जर्मनीत फक्त 61 दिवस होता. मग जर्मनीने कर लावायलाच नको होता, असं वाटेल. पण त्या सवलतीच्या अटी तीन आहेत आणि तिन्ही एकदम पूर्ण व्हाव्या लागतात: दिवस 183 च्या आत, पगार देणारी कंपनी जर्मनीची नसणे, आणि पगाराचा खर्च जर्मनीतल्या शाखेवर न टाकलेला असणे. इथे पगार जर्मन कंपनीच देते. दुसऱ्याच अटीत गाडी अडली, त्यामुळे पहिल्या दिवसापासून जर्मनीला कराचा हक्क आहे. भारतीय कंपनीने दोन-चार महिन्यांसाठी पाठवलं आणि पगार इथूनच दिला, तर ही सवलत कामाला येते. लांबच्या करारावर थेट तिथल्या कंपनीत गेलेल्याला ती सहसा मिळत नाही.

चौथी पायरी: सवलतीचं गणित

म्हणजे चित्र असं झालं: काम जर्मनीत, म्हणून जर्मनी कर घेणार. रहिवासी भारताचा, म्हणून भारतही घेणार. आणि तेविसावं कलम भारताला सांगतं की जर्मनीत भरलेला कर तुमच्या करातून वजा करून द्या. आपल्याकडे याची अंमलबजावणी 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 90 आणि नियम 128 मधून होते.

आकडे घेऊ. सोयीसाठी युरो 100 रुपयांचा धरू. प्रत्यक्षात स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर लागतो, तोही आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. म्हणजे डिसेंबरच्या पगाराला आणि डिसेंबरात कापलेल्या कराला 30 नोव्हेंबरचा दर. गूगलवर त्या दिवशी दिसलेला दर चालत नाही.

एप्रिल ते ऑक्टोबर पुण्यातला पगार महिना दीड लाखाने 10,50,000 रुपये. नोव्हेंबर ते मार्च म्युनिकचा पगार 25,000 युरो, म्हणजे 25,00,000 रुपये. एकूण 35,50,000. नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन उरले 34,75,000. त्यावर 2025-26 च्या दरांनी कर 6,22,500 आणि 4 टक्के उपकर 24,900. एकूण भारतीय कर 6,47,400 रुपये.

जर्मनीत पाच महिन्यांत कापलेला कर 4,250 युरो, म्हणजे 4,25,000 रुपये. करार नसता आणि दुसरी कुठली सवलतही नसती, तर दोन्ही मिळून 10,72,400 रुपये गेले असते.

आता सवलत किती? परदेशात भरलेला कर, किंवा त्याच उत्पन्नावर लागलेला भारतीय कर, यांतली लहान रक्कम. त्या उत्पन्नावरचा भारतीय कर काढायला सरासरी वापरू: 6,47,400 पैकी 25 लाखांचा वाटा, म्हणजे 35.5 भागांतले 25 भाग. तो येतो सुमारे 4,55,900. जर्मन कर त्याहून कमी, 4,25,000 आहे. म्हणून तो पूर्ण वजा होतो आणि भारतात भरायचे उरतात 2,22,400 रुपये. पुण्याच्या कंपनीने सात महिन्यांत सुमारे 88,000 चा टीडीएस कापलेला असेल. तो गेला, तरी सुमारे 1,34,400 रुपये खिशातून भरायचेच आहेत.

इथे बहुतेकांना धक्का बसतो. पुण्याचा पगार एकटा असता, तर वजावट जाऊन 9,75,000 चं उत्पन्न राहिलं असतं आणि रहिवाशाला मिळणाऱ्या 87-ए च्या रिबेटमुळे कर शून्य आला असता. म्युनिकचा पगार जोडला गेल्यामुळे रिबेट गेला आणि उत्पन्न 30 टक्क्यांच्या टप्प्यात शिरलं. करार त्याच पैशावर दोनदा कर बसू देत नाही, पण दोन देशांपैकी ज्याचा कर जास्त, त्या पातळीपर्यंत तुम्हाला भरावंच लागतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. जर्मनीचा कर 5,00,000 झाला असता, तरी सवलत 4,55,900 वरच थांबली असती. वरचे 44,000 बुडाले. ते पुढच्या वर्षी नेता येत नाहीत आणि भारत त्यांचा परतावाही देत नाही.

पाचवी पायरी: मार्च उजाडण्याआधी आगाऊ कर

हे 1,34,400 जुलैत रिटर्नबरोबर भरू म्हणून बसलात, तर व्याज लागतं. देय कर 10,000 च्या पुढे असेल, तर आगाऊ कर भरायचा असतो आणि त्याचे शेवटचे दोन हप्ते 15 डिसेंबर आणि 15 मार्चचे. जर्मन कंपनी भारताचा कर कापणार नाही आणि पुण्याची कंपनी तर सुटलेली. आठवण करून देणारं कुणीच नाही. म्युनिकचा पहिला पगार झाला की अंदाज बांधून डिसेंबरचा हप्ता भरा आणि मार्चमध्ये आकडा नीट करा. आगाऊ कराचा हिशोब करताना मिळणारी सवलत वजा धरता येते, त्यामुळे पूर्ण 6,47,400 डोळ्यांसमोर आणून घाबरू नका.

सहावी पायरी: फॉर्म 67 आणि रिटर्न

सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही आणि ती मागायचा कागद म्हणजे फॉर्म 67. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून तो ऑनलाइन भरायचा. कोणता देश, उत्पन्न किती, तिथे कर किती गेला, कराराचं कोणतं कलम, आणि सोबत पुरावा. पुरावा म्हणून जर्मन कंपनी वर्षअखेरीला देते ते करकपातीचं वार्षिक प्रमाणपत्र चालतं. आपल्या फॉर्म 16 चं ते जर्मन भावंड. जर्मनमधला कागद असेल, तर शेजारी मराठी नव्हे, इंग्रजी भाषांतर जोडलेलं बरं.

पूर्वी हा फॉर्म रिटर्नच्या मुदतीतच भरावा लागे आणि एक दिवस उशीर झाला म्हणून सवलत नाकारल्याची प्रकरणं न्यायाधिकरणापर्यंत गेली. 2022 मध्ये नियम बदलला. रिटर्न वेळेत किंवा विलंबाच्या मुदतीत भरलेलं असेल, तर आता फॉर्म 67 करनिर्धारण वर्षाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतर येणाऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो. तरीही तो आधी आणि रिटर्न नंतर, हाच क्रम ठेवा. रिटर्नमध्ये सवलत आणि पोर्टलवर फॉर्म नाही, असं दिसलं की संगणक सवलत सरळ शून्य करतो आणि व्याजासकट मागणी पाठवतो.

रिटर्न आयटीआर-1 नव्हे, आयटीआर-2 किंवा तुम्हाला लागू असेल तो वरचा. त्यात एफएसआय नावाच्या तक्त्यात परदेशी उत्पन्न आणि टीआर नावाच्या तक्त्यात सवलत टाकायची. दोन्हींतले आकडे फॉर्म 67 शी रुपयापर्यंत जुळले पाहिजेत. एफए हा तिसरा तक्ता लोक विसरतात. रहिवासी माणसाला त्यात परदेशातलं बँक खातं दाखवावं लागतं आणि तो कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरतात. नोव्हेंबरात उघडलेलं म्युनिकचं खातं 31 डिसेंबर 2025 पर्यंतच्या हिशोबाने तिथे येणार. शिल्लक किरकोळ असली, तरी दाखवा. काळ्या पैशाविरुद्धच्या 2015 च्या कायद्यात न दाखवण्याचा दंड 10 लाखांपर्यंत आहे. लहान रकमांना त्यातून सूट असली, तरी तेवढ्यासाठी धोका कशाला?

सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो

आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, जर्मनीचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे आपल्या एका रिटर्नमध्ये जर्मनीची दोन करवर्षं येतात: नोव्हेंबर-डिसेंबर 2025 एकात, जानेवारी ते मार्च 2026 दुसऱ्यात. जुलै 2026 मध्ये रिटर्न भरताना पहिल्या दोन महिन्यांचं वार्षिक प्रमाणपत्र हातात असतं, पुढच्या तीन महिन्यांच्या फक्त पगाराच्या स्लिपा. त्या जपून ठेवा. मागाहून कंपनीकडून मागवणं कटकटीचं असतं.

आणखी एक गंमत आहे. जर्मनीत वर्षअखेरीला रिटर्न भरलं, की बहुतेकांना परतावा मिळतो. आपल्या माणसाने 2025 मध्ये तिथे दोनच महिने कमावलं, पण कर कापताना कंपनीने वर्षभर 5,000 युरो मिळणार असं धरलं. हिशोब होताना जर्मनी पुण्यातल्या जानेवारी ते ऑक्टोबरच्या पगारावर कर लावत नाही, मात्र कराचा दर ठरवायला तो मोजते. तरीही बरेच पैसे परत येतात. समजा 700 युरो आले.

हे पैसे नफा नाहीत. जर्मनीत शेवटी भरलेला कर 4,250 वरून 3,550 युरोवर आला, म्हणून भारतातली सवलतही 3,55,000 वर आली. आपल्या उदाहरणात भारतीय कर जास्त असल्याने तेच 70,000 रुपये आता भारताला द्यायचे. परताव्याचा आदेश हातात पडला की सुधारित रिटर्न आणि सुधारित आकड्यांचा फॉर्म 67 भरायचा. शक्य असेल, तर जर्मन रिटर्न जानेवारी-फेब्रुवारीतच भरून टाका. म्हणजे निदान पहिल्या वर्षाचा आदेश भारतातल्या रिटर्नच्या आत येण्याची शक्यता राहते.

दुसरं वर्ष सोपं, परतीचं पुन्हा अवघड

एप्रिल 2026 पासून कुटुंबही म्युनिकला गेलं. वर्षभर बाहेर राहिल्याने आपला माणूस भारतात अनिवासी झाला आणि जर्मन पगार भारताच्या हिशोबातून निघाला. भारतात फक्त भारतातलं उत्पन्न उरलं: फ्लॅटचं भाडं, मुदतठेवीचं व्याज. इथे करार उलट दिशेने उपयोगी पडतो. अनिवासी माणसाच्या एनआरओ ठेवीवरच्या व्याजातून बँक 30 टक्के आणि वर उपकर कापते, तर करारात व्याजावर भारताची मर्यादा 10 टक्क्यांची आहे. ती मिळवायला जर्मन करकार्यालयाचं त्या वर्षाचं रहिवासी प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचा स्वयंघोषणेचा फॉर्म वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत द्यायचा. उरलेला कर जर्मनीत भरायचा आणि भारताचे 10 टक्के तिथे वजा करून घ्यायचे. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. त्या वर्षापासूनच्या उत्पन्नासाठी पोर्टलवर दिसतील तेच वापरा. 2025-26 चं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याचं.

परत येताना 182 दिवसांवर विसंबू नका. ती मोठी मर्यादा जाणाऱ्याला आणि सुट्टीवर येणाऱ्याला आहे. कायमचं परतणाऱ्याला 60 दिवसही पुरतात, कारण आधीच्या चार वर्षांत त्याचे भारतात 365 दिवस सहज झालेले असतात. डिसेंबरात परतलात, तर मार्चअखेरीला 60 च्या पुढे जाता आणि एप्रिलपासूनचा सगळा जर्मन पगार पुन्हा भारताच्या हिशोबात येतो. 1 फेब्रुवारीला उतरलात आणि त्या वर्षात आधी एकदाही भारतात आला नसाल, तर लीप वर्ष नसताना 59 दिवस होतात आणि वर्ष अनिवासी राहतं. गणपतीला आठ दिवस येऊन गेला असाल, तर तेही यात मोजायचे. कंपनीत राजीनाम्याची तारीख टाकण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के पुढ्यात घेऊन एकदा बेरीज करा.